मीटिंगचा वेळ स्क्रीनशॉटवरून कसा मोजायचा?

प्रश्न: भाऊ, माझ्या ऑफिस कॅलेंडरच्या स्क्रीनशॉटवरून कोणत्या प्रकारच्या मीटिंगला किती वेळ जातो ते कसं काढू? आणि सलग कामासाठी वेळ कुठे राखून ठेवू?

मी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात उत्पादन नियोजन बघतो. हा हिशेब मागच्या महिन्यात स्वतःसाठीच केला आणि पहिल्या खेपेला चांगलाच चुकलो, म्हणून चुकीपासूनच सांगतो.

स्क्रीनशॉट आठवड्याच्या दृश्याचा घ्या. महिन्याच्या दृश्यात मीटिंग किती लांब आहे ते कळत नाही. मी चौकोनांची उंची बघून बेरीज केली ती साडेबारा तास आली. खरा आकडा निघाला साडेनऊ. तीन तासांचा फरक तीन ठिकाणी होता.

पहिलं, आमचा डिस्पॅचचा कॉल रोज साडेअकराला पंधराच मिनिटं असतो, पण चित्रात तो अर्ध्या तासाएवढा दिसत होता. गूगल कॅलेंडरमध्ये छोटे कार्यक्रम अर्ध्या तासाएवढे दाखवायची एक सेटिंग आहे, ती माझ्याकडे चालू होती. सहा दिवसांचे नव्वद मिनिटं तिथेच वाढले. लहान चौकोन दिसला की त्यावर क्लिक करून संपायची वेळ बघाच. दुसरं, शुक्रवारी कच्च्या मालाच्या पुरवठादाराची मीटिंग दोन ते तीन आणि गुणवत्तेचा आढावा अडीच ते साडेतीन, असे दोन चौकोन शेजारी-शेजारी होते. मी दोन तास धरले, घड्याळात गेला दीड. तिसरं, मंगळवारचं तासाभराचं प्रशिक्षण. त्याला मी होकारच दिला नव्हता, तरी चौकोन होताच. नुसती कड असलेला किंवा नाव खोडलेला चौकोन दिसला तर आधी खात्री करा, मग मोजा.

म्हणून आता मी उंची मोजत नाही, शीटमध्ये ओळी भरतो: दिवस, सुरू, संपली, प्रकार. वेळा एकमेकींवर चढत असतील तर दुसरीची सुरुवात पहिली संपली तिथून लिहितो. मग E रकान्यात मिनिटं, आणि बाजूच्या रिकाम्या रकान्यात प्रकारवार बेरीज:

```
=(C2-B2)*1440
=SUMIF(D:D,"आढावा",E:E)
```

उत्तर वेळेसारखं दिसलं तर त्या रकान्याचं स्वरूप साधी संख्या करा. प्रकार रंगावरून ठरवू नका, रंग बहुतेक वेळा कोणत्या कॅलेंडरमधली नोंद आहे एवढंच सांगतो. मी विचारतो की या मीटिंगमधून काय बाहेर पडतं. तसे चारच प्रकार झाले. रोजचा आढावा (सकाळची साडेनऊची अर्ध्या तासाची बैठक आणि डिस्पॅचचा कॉल) साडेचार तास, पुण्याच्या ऑफिसबरोबर सोमवारचं नियोजन दीड तास, विक्री, पुरवठादार आणि गुणवत्ता मिळून निर्णयाच्या बैठका अडीच तास, आणि हाताखालच्या दोघांशी स्वतंत्र बोलणं एक तास. आठवड्याचे कामाचे तास अठ्ठेचाळीस, म्हणजे मीटिंगचा वाटा पाचवा हिस्सा.

हा आकडा तसा मोठा नाही. मला नडत होतं ते साडेअकराचं पंधरा मिनिटांचं तुकडं. त्याच्यामुळे सकाळ दहा ते साडेअकरा आणि पावणेबारा ते एक अशी फाटायची, आणि महिन्याचं मशीनवार नियोजन दीड तासात बसत नाही. म्हणून बेरीज झाली की मीटिंगच्या मधल्या मोकळ्या जागाही लिहा. सर्वांत लांब सलग जागा किती, हा आकडा मला बेरजेपेक्षा जास्त उपयोगी पडला.

मला तो कॉल दहाला, आढाव्याला लागूनच हवा होता. डिस्पॅचवाले दादा म्हणाले, "ट्रान्सपोर्टवाला गाडीचा नंबर अकराच्या आधी देतच नाही, दहाला कॉल करून बोलायचं काय?" त्यांचं खरं होतं. शेवटी तो जेवणाआधी पावणेएकला नेला, आणि गुरुवारी बारा ते एक विक्रीची मीटिंग असते म्हणून त्या दिवशी पावणेबाराला. आता मंगळवार, बुधवार आणि शनिवार सव्वादहा ते सव्वाबारा राखून ठेवले आहेत. आढाव्यानंतरची पंधरा मिनिटं मुद्दाम सोडली, तिथे ठरलेली कामं लिहून काढतो. ऑफिसच्या गूगल खात्यात "Focus time" नावाची नोंद करता येते, तिच्यात त्या वेळेची आमंत्रणं आपोआप नाकारायची सोय आहे. वरिष्ठांना आधी सांगून मगच ती चालू करा. रोज ब्लॉक ठेवला तर लोक विचारल्याशिवाय त्यावरच मीटिंग टाकतात; तीन दिवसांचा मात्र आमच्याकडे पाळला जातो.

दुपारी दीडनंतर कॅलेंडर बरंच रिकामं दिसतं, तरी तिथे मी ब्लॉक ठेवला नाही. गाड्या तेव्हाच भरतात, फोन चालूच असतात, आणि एप्रिल-मेच्या जळगावच्या उन्हात त्या वेळी आकडेमोड नकोच वाटते. फोन आणि दारात येऊन उभी राहिलेली माणसं स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत, म्हणून ब्लॉक टाकण्याआधी एक आठवडा त्यांची नोंद वहीत ठेवा. आणि हा स्क्रीनशॉट कुणाला दाखवणार असाल तर ग्राहकांची, माणसांची नावं आधी झाका.