पर्ल फेशियल बंद, थ्रेडिंग चालू: पार्लरच्या दरपत्रकाचा हिशेब

प्रश्न: नागपुरात माझे लहान लेडीज पार्लर आहे. गर्दी असते, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. कोणत्या सेवा बंद कराव्यात आणि कोणाचे दर वाढवावेत?

उत्तर:

प्रतापनगर भागात माझेही दोन खुर्च्यांचे पार्लर असून दोन मुली कामाला आहेत. दरपत्रकाला हात लावण्याआधी मी महिनाभर प्रत्येक कामाचा वेळ वहीत टिपला, आणि तोही ग्राहक बसल्यापासून टब धुऊन, टॉवेल बदलून पुढची ग्राहक बसेपर्यंतचा. पाऊण तासाचे म्हणून मी ज्याचे पैसे घेत होते, ते पेडिक्युअर प्रत्यक्षात सत्तर मिनिटांचे निघाले.

भाडे, वीजबिल आणि पगार मिळून महिन्याचा खर्च 54,000 रुपये होता, तर दोघींच्या प्रत्यक्ष कामाची मिनिटे सुमारे 18,000 भरली; म्हणजे मिनिटाला 3 रुपये. सेवेच्या दरातून सामानाचा खर्च वजा करावा, उरलेल्या रकमेला मिनिटांनी भागावे आणि ती या तीन रुपयांशी ताडून पाहावी.

पर्ल फेशियलचा दर 350 रुपये होता आणि वेळ एक तास. 900 रुपयांच्या किटमध्ये दहा फेशियल होतात, म्हणून सामान 90 रुपयांचे असे मी धरत असे. पण मागणी इतकी कमी होती की पाच फेशियल होईपर्यंत उघडलेले किट खराब व्हायचे. खरा खर्च 180 रुपये आणि मिनिटाला मिळकत तीनपेक्षा कमी! मी दर 500 केला, तर दोन महिन्यांत एकीनेही ते मागितले नाही. तेव्हा ते बंद केले.

हेअर स्पा मात्र बंद करण्याजोगा नव्हता. सरसकट 600 रुपयांत आखूड केसांना पन्नास मिनिटे लागत, पण कमरेपर्यंतच्या केसांना क्रीम दुपटीहून जास्त आणि ब्लो-ड्रायसकट दीड तास. त्यामुळे आता केसांच्या लांबीनुसार तीन दर आहेत. लांब केसांच्या दोन-तीन बायका कुरकुरल्या, तरी येतातच.

थ्रेडिंगचा निर्णय केवळ भागाकारावर घेऊ नका. माझ्या बिलांत थ्रेडिंगला आलेल्या बऱ्याच जणी वॅक्सिंग किंवा क्लीनअपही करून गेलेल्या दिसल्या. म्हणून ते ठेवले आणि 40 चे 50 रुपये केले.

तीन रुपयांची ही कसोटी शनिवार संध्याकाळ आणि लग्नसराईसाठी आहे, कारण तेव्हा एक काम घेतले की दुसरे परत पाठवावे लागते. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच आपल्याकडे रस्त्यावर कोण असते? त्या वेळी खुर्ची रिकामीच असल्याने सामानाचा खर्च निघून वर जे मिळेल ते भाड्यालाच हातभार लावते. म्हणून पेडिक्युअर मी बंद केले नाही. शनिवार-रविवार सोडून, फक्त दुपारच्या वेळेत घेते.