जोडव्याचं बोट आणि तीन थिअरी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझी असाइनमेंट वाचली. नर्सिंगच्या थिअरी मांडणाऱ्या ओरेम, रॉय आणि वॉटसन या तिघींची तुलना करायची होती. तू प्रत्येकीला दोन पानं दिलीस आणि शेवटी एक तक्ता जोडलास. हे तीन परिचय झाले, तुलना झाली नाही. ओरेमचं पुस्तक १९७१चं, रॉयचा लेख १९७०चा, वॉटसनचं पुस्तक १९७९चं, एवढं एका ओळीत संपव. मग तिघींसमोर एकच पेशंट बसव.

मी निपाणीकडच्या एका आक्कांबद्दल सांगते. वय ५५, विडी कामगार. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. साखरेमुळे पायाची जाणीव गेली होती. जखम चिघळली ते कळलंच नाही, आणि उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. घरी जाताना दिवसातून दोनदा इन्सुलिन लिहून दिलं होतं.

ओरेमचा प्रश्न हिशेबाचा आहे. या बाईला स्वतःची किती काळजी घ्यावी लागणार, तिच्यात त्याची क्षमता किती, आणि मधली तूट किती? तू लिहिलंस, 'ज्ञानाची कमतरता'. तसं घाईनं लिहू नकोस. आक्कांची बोटं विड्या वळून इतकी तयार होती की सिरिंज त्यांच्या हातात अगदी सहज बसली. अडलं ते दोन ठिकाणी. चष्म्याशिवाय सिरिंजवरच्या रेघा दिसत नव्हत्या, आणि डिस्चार्जचा कागद कन्नड-इंग्रजीत होता, त्या मराठीच वाचतात. तूट नेमकी सांगितलीस की उपायही नेमका सापडतो: चष्मा, जिथपर्यंत औषध ओढायचं त्या रेघेवर रंगीत खूण, आणि मराठीत लिहिलेला कागद. आणखी एक चूक मी दरवर्षी पाहते. पेशंटला एकाच नर्सिंग सिस्टिममध्ये बसवून टाकतात. ऑपरेशनच्या टेबलावर आक्कांचं सगळं आपण केलं, वॉर्डात अर्धं त्यांनी केलं, घरी जाताना आपण फक्त शिकवलं आणि धीर दिला. तीन सिस्टिम, बाई एकच.

रॉय तूट मोजत नाही. ती विचारते, आक्का या बदलाला कसा प्रतिसाद देतायत आणि त्यामागे कोणती उद्दीपनं आहेत? गेलेलं बोट आणि जखम ही मुख्य उद्दीपनं. रोजंदारी विड्यांच्या संख्येवर, मांडी घालून बसायची सवय, ही संदर्भातली. उरलेलं उद्दीपन म्हणजे ज्याचा परिणाम असावा असं वाटतं पण खात्री झालेली नाही. मला वाटलं होतं, 'इन्सुलिन म्हणजे शेवट' अशी आक्कांची समजूत असावी. विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आणि त्याच क्षणी ते संदर्भातल्या उद्दीपनात गेलं. हा बदल तुझ्या कागदावर दिसायला हवा. मग रॉयच्या चार मोडमध्ये, म्हणजे बदलाशी जुळवून घेण्याच्या चार बाजूंनी, वागणं पाहा. पाहुणे आले की आक्का पदरानं पाय झाकायच्या, हा स्वप्रतिमेचा मोड. सून इंजेक्शन देत होती म्हणून हात पुढेच करत नव्हत्या, हा परस्परावलंबनाचा. इथे रॉयचं ओरेमशी पटत नाही असं लिहू शकतेस. सून नीट इंजेक्शन देते म्हणजे ओरेमच्या हिशेबात तूट भरली, पण रॉयच्या नजरेत आक्का स्वतःच्या घरात मागे सरकल्या.

एके दिवशी ड्रेसिंग करताना त्यांनी विचारलं, "सिस्टर, आता जोडवं कुठं घालू?"

तुझी खरी तुलना या एका प्रश्नावर उभी राहील. ओरेम म्हणेल, संवेदना गेलेल्या पायाला घट्ट जोडवं धोक्याचं, दुसऱ्या पायातलं सैल करायला शिकवा, बोटं रोज पाहायला सांगा. रॉय म्हणेल, हा स्वप्रतिमेला आणि बायकोच्या भूमिकेला बसलेला धक्का आहे. वॉटसन उत्तराची घाई करणार नाही. ती आधी चिमटा ट्रेमध्ये ठेवून आक्कांचं ऐकायला लावेल. ती ज्याला केअरिंग मोमेंट म्हणते तो क्षण हाच. नुसतं गोड बोलणं म्हणजे वॉटसन नव्हे, नर्सही त्या भेटीतून बदलते हे तिचं म्हणणं आहे. तिची अडचणही लिही: तो क्षण घडला हे चार्टवर कशानं दाखवणार? आणि ओरेमला कोरडी म्हणू नकोस. आजारपणातल्या गरजांमध्ये तिनं बदललेल्या देहासह स्वतःला स्वीकारणं हीसुद्धा गरज मोजली आहे, म्हणजे जोडव्याच्या प्रश्नाला तिच्याकडेही जागा आहे.

आता तक्त्यात 'जन्म' आणि 'शिक्षण' हे रकाने काढ. त्यांच्या जागी लिही: आक्का महिन्यानं ड्रेसिंगला आल्या तर प्रत्येकीच्या मते आधी काय पाहायचं. ओरेमसाठी, त्यांनी स्वतः किती युनिट ओढले. रॉयसाठी, पाय अजून पदराखाली आहे का. वॉटसनसाठीचा रकाना तू भर, आणि रविवारपर्यंत मला पाठव.

तुझी,
मॅडम