उत्तर यायचं थांबलं, तर एकच मेसेज

राजहंसगड, मग टिळकवाडीत कॉफी, अशा चार भेटी झाल्या आणि दहा दिवस तिचं उत्तर नाही. कारण विचारायला हरकत नाही, पण एकदाच आणि लिहून. फोन केलास तर तिला जागच्या जागी बोलावं लागेल. अशा वेळी माणूस 'घरी गडबड होती' असं काहीतरी सांगून सुटका करून घेतो.

असं लिही: 'आपल्या भेटी मला आवडल्या. पुढं भेटायचं नाही असं तुझं ठरलंय, असं मी धरतो. जमलं तर एका ओळीत कारण सांग, मी वाद घालणार नाही. नाही सांगितलंस तरी चालेल.'

बरेच जण वादाच्या भीतीनंच गप्प राहतात, म्हणून वाद न घालण्याचं ते वाक्य गाळू नकोस. 'माझं काय चुकलं?' लिहिलंस तर तुझी समजूत काढायचं ओझं तिच्यावर पडतं. 'परत भेटूया का?' जोडलंस तर कारण विचारणं निमित्त वाटतं.

'जुळेल असं वाटलं नाही' एवढंच आलं, तरी ते उत्तर पुरेसं मान. 'सांगितलंस, बरं झालं' म्हण आणि थांब. उलट प्रश्न विचारलास की तुझाच शब्द मोडला.

काहीच आलं नाही, तर मैत्रिणीमार्फत निरोप धाडू नकोस. आपल्याकडं खानापूर ते निपाणी कुणी ना कुणी पाहुणा निघतोच, गोष्ट तिच्या घरी पोचते. तिनं स्पष्ट नको म्हटल्यावरही संपर्क करत राहणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा ठरू शकतो.