'श्रवणातीत' म्हणजे कोणाच्या श्रवणापलीकडचं? रातकिड्याचा आणि पतंगाचा कान

प्रश्न : दापोलीजवळच्या आमच्या गावात मुलांसाठी रात्रीची निसर्गफेरी ठरते आहे, त्याचं पत्रक लिहितोय. वटवाघळाच्या आवाजाला 'श्रवणातीत ध्वनी' लिहिलं, पण एकाने विचारलं की पतंगाला तो ऐकू येतो, मग श्रवणातीत कसा? आणि पतंगाला, रातकिड्याला 'कान' असतात असं लिहावं, की 'कर्णपटल', 'श्रवणेंद्रिय' असं काही?

उत्तर : बेधडक 'कान' लिहा. कर्णपटल म्हणजे फक्त ताणलेला पडदा, तो कानाचा एक भाग झाला. श्रवणेंद्रिय हा शब्द उलट फार पसरट आहे. डास मिशांनी ऐकतो, तिथे पडदा नसतोच, तरी ते श्रवणेंद्रियच ठरतं. रातकिडा आणि पतंग यांच्याकडे मात्र पातळ पडदा आहे, त्याच्यामागे हवेची पोकळी आहे आणि पडदा हलला की ती हालचाल टिपणाऱ्या चेतापेशी आहेत. आपल्या कानाचं मूळ कामही असंच चालतं. बाहेरची पाळी नाही म्हणून कान नाही, असं म्हणायचं तर बेडकाचा आणि पक्ष्याचा कानही नाकारावा लागेल.

तो कान डोक्यावर नाही, एवढंच मुलांना सांगावं लागेल. रातकिड्याचा कान पुढच्या पायावर असतो, गुडघ्याच्या जरा खाली, नडगीवर. भिंग घेऊन पायाच्या बाहेरच्या बाजूला पाहिलं की एक लांबट, चकचकीत, फिकट ठिपका दिसतो. तोच पडदा. आतल्या बाजूलाही एक असतो, पण लहान. किरकिरतो फक्त नर, पंख पंखावर घासून. कान मात्र दोघांनाही असतात, आणि अंधारात नराचा माग काढत जाण्याचं काम मादीचं असतं. १९१३ साली योहान रेगेन या ऑस्ट्रियन संशोधकाने नराची किरकिर टेलिफोनवरून दुसऱ्या खोलीत ऐकवली, तेव्हा मादी चालत रिसीव्हरपाशी आली. म्हणजे तिला वास नको होता, नर दिसायलाही नको होता. आवाज पुरेसा होता.

पण आवाज कुठून येतोय हे तिला कळतं कसं? आपण दोन कानांतला फरक ओळखतो. रातकिड्याची किरकिर साधारण सेकंदाला ५,००० कंपनांची असते, म्हणजे तिची एक लाट जवळजवळ ७ सेंटिमीटर लांब. रातकिड्याचे दोन कान एकमेकांपासून जेमतेम सेंटिमीटरभर. एवढी लांब लाट त्याच्या अंगाला वळसा घालून जाते, अंगाची सावली पडतच नाही आणि दोन्ही कानांवर आवाज जवळजवळ सारखाच आदळतो. त्यावरची तोड अशी आहे की पायातल्या पडद्यामागून एक हवानळी निघते, छातीत येते, तिथे कुशीवरच्या श्वासरंध्राला आणि पलीकडच्या पायाच्या नळीलाही जोडली जाते. त्यामुळे पडद्यावर आवाज बाहेरून पडतो तसा नळीतून फिरून आतूनही येतो. पडदा हलतो तो या दोन्हींतल्या फरकाने. आवाजाची दिशा थोडी बदलली तरी आतून येणारी लाट पुढेमागे होते आणि एका पायाचा पडदा दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त हलतो.

रातकिडा याच कानाने वटवाघूळही ऐकतो. उडत असताना ५,००० कंपनांचा आवाज आला तर तो आवाजाकडे वळतो आणि कंपनं साधारण १६,००० च्या वर गेली की आवाजापासून लांब वळतो. मधला गोंधळाचा पट्टा अगदी अरुंद असतो. एक हाक म्हणून, दुसरी धोका म्हणून, अशी सरळ दोन भागांत वाटणी.

पतंगाकडे ही वाटणी नाही. त्याला स्वर ओळखता येत नाही, आवाज मोठा की लहान एवढंच कळतं. पत्रकासाठी मी हीच गोष्ट निवडली असती, कारण इतक्या थोड्या सामानात काय साधतं ते इथे दिसतं. आपल्याकडे पडवीच्या दिव्यावर येणारे जाडसर, करड्या-तपकिरी अंगाचे बरेच पतंग ज्या गटात मोडतात, त्यांचा कान छातीच्या मागच्या टोकाला असतो, पोट सुरू होतं तिथे, पंखाच्या मुळाखाली. प्रत्येक कानात ऐकणाऱ्या पेशी फक्त दोन. एक हळवी, दुसरी तिच्यापेक्षा सुमारे २० डेसिबलने बधिर, म्हणजे ध्वनीचा दाब दसपट झाला तरच जागी होणारी. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठातल्या केनेथ रोडर यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत अ‍ॅशर ट्रीट यांच्याबरोबर या पेशींची चेता बारीक तारेला जोडून प्रत्यक्ष वटवाघळाच्या आवाजावर ती कशी स्पंदते ते नोंदलं.

आता एक प्रसंग पायरीपायरीने बघू. माडांवरून पाकोळी येते आहे (लहान, किडे खाणाऱ्या वटवाघळाला मी पाकोळी म्हणतो; पक्ष्यांच्या पुस्तकांत पाकोळी हा एक पक्षी असतो, म्हणून पत्रकात 'लहान वटवाघूळ' लिहा). शोधत फिरताना ती सेकंदाला साधारण १० हाका देते, प्रत्येक काही हजारांश सेकंदाची. पतंग डावीकडे ३० मीटरवर आहे. हाक त्याच्यापर्यंत एकदाच प्रवास करून येते, हळवी पेशी स्पंदते. पाकोळीला मात्र तीच हाक नखाएवढ्या अंगावर आपटून परत यायला हवी, आणि त्या परतीत ती इतकी क्षीण होते की ५-६ मीटरच्या आत आल्याशिवाय तिला पतंगाचा पत्ता लागत नाही. ती सेकंदाला ६ मीटर वेगाने थेट त्याच्याच रोखाने येत असली तरी पतंगाच्या हातात चार सेकंद असतात. 'चाहूल लागणे' हा आपला शब्द इथे नेमका बसतो. येणारा दिसत नाही, त्याला आपण दिसलेलो नाही, पण तो येतोय हे कळलं आहे.

चाहूल कुठल्या बाजूने? रातकिड्याची अडचण इथे नाही. ३०,००० कंपनांच्या हाकेची लाट सेंटिमीटरभरच असते, त्यामुळे पतंगाच्या अंगाची आणि पंखांची चांगली सावली पडते. ज्या बाजूला पाकोळी, त्या कानाची हळवी पेशी लवकर आणि जास्त स्पंदते. पंख वर असताना आणि खाली असताना सावली बदलते, त्यावरून आवाज वरून येतोय की खालून हेही ठरू शकतं. पतंग पाठ फिरवून सरळ दूर उडतो आणि पाकोळीच्या टप्प्यात येतच नाही.

सगळेच असे सुटत नाहीत. पाकोळी जवळ आली, तिला प्रतिध्वनी मिळाला, की ती हाकांचा वेग वाढवत नेते, अगदी शेवटी सेकंदाला शंभराच्याही वर. आता आवाज इतका मोठा की दोन्ही कानांतल्या हळव्या पेशी कमाल गाठतात, फरक उरत नाही, दिशा हरवते. पाठ फिरवून उपयोगही नाही, कारण पाकोळी पतंगापेक्षा वेगवान. इथे पतंग सरळ उडणं सोडून देतो. गिरक्या घेतो, गोल फिरतो, किंवा पंख मिटून गवतात कोसळतो. एकच पतंग दर वेळी तेच करेल असंही नाही, आणि त्यातच त्याचा बचाव आहे. रोडर यांनी मोकळ्या हिरवळीवर भोंग्यातून असे आवाज सोडून, कॅमेरा उघडा ठेवून पतंगांच्या वाटा टिपल्या, त्यांत या दोन्ही वागणुका स्वच्छ दिसतात. खऱ्या वटवाघळांशी झालेल्या गाठी मोजल्या तेव्हा, असा प्रतिसाद देणारे १०० पतंग वाचले तर न देणारे फक्त ६० वाचले.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की हळवी पेशी 'पळ' सांगते आणि बधिर पेशी 'कोसळ' सांगते. ते तसं छापू नका. पतंगांच्या एका कुळात कानात एकच पेशी असते, तरी ते पतंगही लांबून वळतात आणि जवळून कोसळतात. तेव्हा निर्णय केवळ दुसऱ्या पेशीवर अवलंबून नसणार. एकाच पेशीची स्पंदनं किती दाट येतात यावरूनही काम भागतं.

आता श्रवणातीत. शब्द बरोबर आहे, फक्त त्यातलं श्रवण माणसाचं आहे आणि सीमा २०,००० कंपनांची. प्राणी बदलला की सीमा बदलते. मधाच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या अळीचा जो पतंग होतो, मधमाश्या पाळणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे, तो ३ लाख कंपनांपर्यंत ऐकतो. कुठल्याही वटवाघळाची हाक तिथवर जात नाही. दुसऱ्या टोकाला, वर वर्णन केलेल्या पतंगांचा कान साधारण २०,००० ते ५०,००० या पट्ट्यात तीक्ष्ण असतो. सह्याद्रीत आणि कोकणात गुहांमधून राहणारी, नालेच्या आकाराचं नाक असलेली वटवाघळं ८०,००० च्या आसपास हाक देतात. ती त्याच पतंगाला फार उशिरा, अगदी जवळ आल्यावर ऐकू येते. म्हणजे लांब असेपर्यंत ती पतंगालाही श्रवणातीत. म्हणून पत्रकात 'माणसाला ऐकू न येणारा (श्रवणातीत) आवाज' असं लिहा, म्हणजे तुमच्या मित्राची शंका उरणार नाही. 'स्वनातीत' मात्र लिहू नका. तो वेगासाठी आहे, आवाजापेक्षा जलद जाणाऱ्या विमानाचा.

फेरीत हे दाखवताही येईल. किल्ल्यांचा जुडगा जोरात खुळखुळवला की त्यात श्रवणातीत आवाज भरपूर असतो. ही युक्ती रोडर स्वतः वापरत. पावसाळा ओसरल्यावर, वारा पडलेला असताना, दिव्यापासून थोडं बाजूला उभं राहून उडणाऱ्या पतंगांकडे बघत खुळखुळवा. काही पतंग झटक्यात वळतील, काही दगडासारखे खाली येतील. मग तोच जुडगा रुमालात घट्ट गुंडाळून हात तसाच हलवा. आता काही झालं नाही तर मघाचा परिणाम हाताच्या हालचालीचा नव्हता. दिव्याला अगदी चिकटून फिरणाऱ्यांवरून निष्कर्ष काढू नका. १९९८ साली स्वीडनमध्ये पाऱ्याच्या दिव्याजवळ हेच तपासलं, तेव्हा तिथले पतंग वटवाघळासारख्या आवाजाला खूपच कमी दाद देत होते. आणि चांद्रपतंगासारखा मोठा रेशीमपतंग आला तर तो ढिम्म हलणार नाही. त्या कुळाला कानच नसतात.