टेक्स्टबुकचं नाव द्यायचं की मूळ पेपरचं?

"मॅडम, थिसिसमध्ये ॲशचा रेषांचा प्रयोग घेतलाय, सगळं टेक्स्टबुकमधूनच. आता गाईड म्हणतात टेक्स्टबुक चालणार नाही, ओरिजिनल द्या. टेक्स्टबुकच्या मागे ॲश १९५६ असा रेफरन्स आहेच, तोच उचलून टाकला तर चालेल ना? पेपर वाचायला वेळ नाहीये."

नको टाकूस, एवढंच मी तिला आधी म्हटलं, कारण सायटेशन म्हणजे 'हे मी इथे वाचलं' असं सांगणं असतं आणि तिने ते तिथे वाचलेलं नव्हतं. मग म्हटलं, तुझं वाक्य दाखव बरं. वाक्य होतं, "ॲशच्या प्रयोगात एक तृतीयांश लोक गटाच्या दबावाला बळी पडले (ॲश, १९५६)." आणि त्यावर तिने पुढचं अख्खं पान उभं केलं होतं, की म्हणजे दोन तृतीयांश माणसं दबावाला दाद देत नाहीत, ही कुठली माणसं असतात वगैरे.

पेपर लायब्ररीतून मिळाला. लांबलचक आहे, पण सगळा वाचायची गरजच नव्हती, फक्त पद्धत आणि निकालाचे तक्ते आम्ही शेजारी बसून पाहिले. प्रयोग असा की गटातले बाकी सगळे ॲशने आधीच शिकवून ठेवलेले, खरा सहभागी एकच. कुठली रेषा दिलेल्या रेषेएवढी ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं. अशा १८ फेऱ्या, त्यातल्या १२ मध्ये गट ठरवून चुकीचं उत्तर देतो. असे खरे सहभागी होते १२३. आता १२३ गुणिले १२ म्हणजे १४७६ उत्तरं झाली, आणि त्यातली साधारण ३७ टक्के गटाच्या बाजूने चुकलेली. म्हणजे ते एक तृतीयांश उत्तरांचं आहे गं, माणसांचं नाही!

माणसं मोजली तर चित्र पार बदलतं. साधारण एक चतुर्थांश लोक एकदाही गटामागे गेले नाहीत, बाकीचे तीन चतुर्थांश निदान एकदा तरी गेले, कोणी एकदोनदा तर कोणी जवळजवळ दरवेळी. म्हणजे तिच्या पानावरची ती दोन तृतीयांश 'न झुकणारी' माणसं कुठे नव्हतीच. आणि उलट बाजूने बघितलं तर दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, सगळा गट विरुद्ध बोलत असताना सुद्धा, आणि ॲशने तर शीर्षकातच स्वातंत्र्य हा शब्द आधी ठेवलाय, अनुसरण नंतर. तिच्या टेक्स्टबुकात त्या निम्म्या गोष्टीला एक ओळ सुद्धा नव्हती. अशी चूक बऱ्याच पुस्तकांत सापडते, कारण लेखकाला अख्खा पेपर चार ओळींत बसवायचा असतो, आणि मग एक पुस्तक बघून दुसरं लिहिलं जातं.

सगळ्यात वाईट म्हणजे तिने न वाचता ॲशचं नाव टाकलं असतं तर पुस्तकाची चूक ॲशच्या आणि तिच्या नावावर गेली असती, आणि व्हायव्हात कोणी तक्ता उघडला असता तर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

मग तिने घाबरून सगळीच टेक्स्टबुकं काढायला घेतली, तेव्हा मीच थांबवलं. तिने 'अनुसरण' या संज्ञेची व्याख्या टेक्स्टबुकमधून घेतली होती, ती राहू दे म्हटलं. रूढ व्याख्या, सगळ्यांनी मान्य केलेलं स्टॅटिस्टिक्सचं तंत्र, किंवा त्या पुस्तकाच्या लेखकाने स्वतः केलेली मांडणी, याला टेक्स्टबुक बिनधास्त द्यावं, तिथे तेच मूळ आहे किंवा मूळ शोधून काही हाती लागत नाही. मी स्वतः बघते ते एवढंच, की वाक्यात कोणी काहीतरी मोजलंय का, 'इतके टक्के', 'असं आढळलं', 'सिद्ध झालं' असं काही आहे का. असेल तर मूळ उघडायचं.

तिचा अजून एक जुना संदर्भ होता, तिला न येणाऱ्या भाषेतला, भाषांतर पण मिळेना. तिथे दुय्यम उद्धरण केलं, म्हणजे मजकुरात मूळ लेखकाचं नाव आणि साल, पुढे 'उद्धृत' म्हणून टेक्स्टबुकचा लेखक, साल, पान, आणि शेवटच्या यादीत फक्त टेक्स्टबुक. असं एकदोनदा चालतं, पण पानोपानी दिसलं की परीक्षक विचारणारच, आणि जो अभ्यास थिसिसचा पायाच आहे त्याला तर मी हे कधीच करू देत नाही.

ॲशचं वाक्य तिने दोन दिवसांनी परत लिहून आणलं, "गट चुकत असतानाच्या फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाकडे झुकली, पण साधारण एक चतुर्थांश सहभागी एकदाही झुकले नाहीत (ॲश, १९५६)." खालचं पान मात्र तिने पूर्ण खोडलं होतं, आणि त्या जागी नवा प्रश्न लिहिला होता, की एकाच माणसाने काही फेऱ्यांत गटाचं का ऐकलं आणि काहींत का नाही.