प्रोफाइलला कुठले फोटो लावायचे?

डेटिंग ॲपवर मॅच होतात, गप्पाही छान होतात, पण भेटल्यावर समोरची व्यक्ती एकदम गार पडते. फोटोंचा घोळ असेल का?

असू शकतो, आणि पहिला संशय जुन्या फोटोवर घ्या. समजा फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा केस दाट होते आणि आता टक्कल दिसायला लागलंय, तर भेटल्यावर बऱ्याचदा टक्कल खटकतच नाही हो, लपवलं हे खटकतं, मग वय, नोकरी जे काय सांगाल त्यावरही शंका यायला लागते.

फिल्टरचं तेच. डाग पुसणं एकवेळ चालेल पण बरेच ब्युटी फिल्टर जबडा बारीक अन् डोळे मोठे करतात, म्हणजे चेहराच दुसरा. फोटोत मागची दाराची चौकट वाकलेली दिसली की समजायचं.

गॉगलवाला एखादा फोटो ठेवा की, फक्त पहिला नको, डोळेच दिसले नाहीत तर माणूस कळणार कसा?

गेल्या सहा-आठ महिन्यातला, खिडकीच्या उजेडातला एक साधा फोटो पहिला लावा, आणि सेल्फी नको, हाताच्या अंतरावरून नाक उगाच मोठं येतं, कुणालातरी पाच-सहा फुटांवरून काढायला सांगा.