तोडलं की थांब

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

"मला वाक्य पुरं करू देईनात, म्हणून मी आवाज चढवून पुरं केलं," असं तू नोकरीच्या मुलाखतीबद्दल लिहिलं आहेस. नेमकं तेच करायचं नव्हतं. मुलाखत घेणाऱ्यांनी तोडलं की थांबायचं. शब्द अर्धा तोंडात असला तरी थांबायचं.

मुद्दाम दबाव टाकणाऱ्या अशा मुलाखतीत ते तोडतात, ते पुढच्या दोन-चार सेकंदांत तू काय करतोस हे बघायला. त्यांच्यावरून बोलत राहिलं की वेग वाढतो, श्वास छातीत वरच अडकतो, आवाज बारीक होतो आणि घाबरल्याचं दिसतं. म्हणून थांब, तोंड मीट, श्वास सावकाश सोड आणि मग बोल. एवढा वेळ तुला फार वाटेल; समोरच्याला तू विचार करतोयस असंच दिसतं.

मग त्यांनी जे म्हटलं त्याचंच उत्तर द्यायचं, तुझं राहिलेलं वाक्य नाही. समज, विचारलं, "आधीची नोकरी आठ महिन्यांत का सोडलीत?" तू म्हणतोस, "तिथलं काम चांगलं होतं, सुरुवातीला मला..." आणि मध्येच येतं, "म्हणजे तुम्ही कुठे टिकत नाही!" यात आठ महिने ही वस्तुस्थिती आहे, टिकत नाही हा त्यांनी काढलेला अर्थ. पहिली मान्य कर, दुसऱ्याला पुरावा दे: "आठ महिने कमीच आहेत. मला ज्या विभागासाठी घेतलं तो बंद झाला. त्याआधी एकाच ठिकाणी तीन वर्षं काम केलं." बस्स, थांब. "मला आधी बोलू द्या" हे चुकूनही नको.

आणि हे बघ, विभाग बंद झाला हे पहिल्याच वाक्यात सांगितलं असतंस, तर तोडूनही काही गेलं नसतं. आधी कारण सांगायचं, पार्श्वभूमी नंतर. तुम्ही मुलं उलटं का करता, मला कळत नाही!

"पटत नाही" एवढंच म्हणाले, तर विचार, "यातला कोणता भाग?" त्यांनी नवी माहिती दिली तर मत बदलायला हरकत नाही. तेच वाक्य नुसतं मोठ्यानं म्हटलं, तर उत्तर बदलू नकोस. दुसऱ्या धक्क्याला शब्द फिरवणाऱ्याचं पहिलं उत्तरही खोटं वाटू लागतं, आणि त्यांना तेच तपासायचं असतं. ते गप्प बसले तर तूही गप्प बस. ती शांतता भरायला गेलं की नको ते बोललं जातं.

मात्र घरच्यांवर, धर्मावर किंवा शरीरावर शेरे आले तर ती परीक्षा नाही. "याचा कामाशी संबंध समजला तर उत्तर देईन," असं त्याच आवाजात सांग.

आता सराव. मित्राला सांग, दुसऱ्या वाक्यातच कुठेही तोड. फोनवर ध्वनिमुद्रण कर आणि ऐकताना एकच मोज: त्यानं तोडल्यावर तुझ्या तोंडून किती शब्द गेले. एक-दोन चालतील. पाच-सहा जात असतील, तर तू अजून थांबत नाहीस, पुन्हा कर.